टायटॅनियमच्या दागिन्यावर रंग येतो कुठून?

आमच्याकडची निळी चमकी किंवा जांभळी रिंग हातात घेतली की बहुतेक जण विचारतात, "हा रंग उडणार तर नाही ना?" खरे सांगायचे तर त्यावर रंग लावलेलाच नसतो. रंगद्रव्य नाही, मुलामा नाही, लाखेचा थरही नाही. धातूवर फक्त टायटॅनियमच्याच ऑक्साइडची एक पारदर्शक साय असते. ॲल्युमिनियमच्या रंगीत वस्तूंना ॲनोडायझिंगनंतर, म्हणजे विजेने ऑक्साइड चढवल्यावर, डाय पाजतात, टायटॅनियमला तो लागत नाही.

ही साय विजेने चढते. पाण्यात थोडे ट्रायसोडियम फॉस्फेट विरघळवतो, दागिना टायटॅनियमच्याच तारेला टांगून डीसी सप्लायच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडतो आणि बुडवतो. २८ व्होल्ट लावले की काही सेकंदांत डोळ्यांदेखत धातू आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा होतो आणि गडद निळ्यावर येऊन थांबतो. ऑक्साइड वीज अडवतो, त्यामुळे त्या व्होल्टेजला जेवढी जाडी पेलते तेवढी झाली की वाढ जवळजवळ थांबते. एका व्होल्टला साधारण दोन नॅनोमीटर, म्हणजे निळ्यासाठी जेमतेम ५०–६० नॅनोमीटर. आपला केस याच्या हजारपटीहून जाड असतो.

आता रंग. पावसाळ्यात रस्त्यावरच्या ओल्यात डिझेल सांडले की रंगीत वळ्या दिसतात, तेच इथे घडते. थोडा प्रकाश सायीच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, थोडा आत जाऊन खालच्या धातूवरून. आतून येणाऱ्याला वाट जास्त पडते. दोन्ही लाटा उलट्या ठेक्यात भेटल्या की एकमेकींना मारतात. पातळ सायीत आधी निळा प्रकाश मरतो आणि उरलेला पिवळसर दिसतो. साय वाढली की हिरवट-पिवळा मरतो, म्हणून जांभळा. आणखी वाढली की तांबडा-नारिंगी मरतो, म्हणून निळा. ४५–५० व्होल्टच्या आसपास मरणारा भाग डोळ्याला न दिसणाऱ्या पट्ट्यात जातो आणि दागिना फिकट, चंदेरी-निळा होतो. तिथून दुसरी फेरी सुरू होते: ६०च्या आसपास सोनेरी, ७०च्या जवळ गुलाबी, मग जांभळट, मग मोरपिशी आणि १०० व्होल्टच्या आगेमागे हिरवा.

लालभडक चमकी आम्ही का देत नाही, हेही यातच आले. इथे प्रत्येक रंग काहीतरी वजा होऊन तयार होतो. शुद्ध लालसाठी बाकीचे सगळेच वजा व्हायला हवे, आणि तेवढे एका सायीला जमत नाही. काळ्याचेही तेच. हिरव्यात तांबडा आणि जांभळा अशी दोन्ही टोके एकदम मारावी लागतात. त्यासाठी पृष्ठभाग आधी ॲसिडने नीट उघडा करावा लागतो, नाहीतर रंग मळकट येतो. हिरव्याची मजुरी जास्त आहे ती याचसाठी.

तेव्हा छटा सांगते ती फक्त सायीची जाडी. हिरवा धातू निळ्यापेक्षा उंची नसतो आणि सोनेरी छटेत सोने नसते. हाडांच्या ऑपरेशनमधले रंगीत स्क्रू याच पद्धतीने बनतात. तिथे रंग ही माप ओळखण्याची खूण असते, आणि एका कंपनीची खूण दुसरीला लागू होत नाही.

निळी रिंग मळकट दिसू लागली तर आधी स्पिरिटच्या कापसाने पुसा. बोटाचे तेल बसले की सायीवर आणखी एक थर चढतो आणि रंग बदलतो, निळ्या-जांभळ्यावर तर सर्वांत जास्त. पुसून कोरडी केल्यावर रंग परतला तर ते तेलच होते. परतला नाही आणि कडा निळ्याऐवजी जांभळट किंवा तपकिरी दिसत असतील तर तिथे साय झिजली आहे. रंग ज्या क्रमाने चढतो त्याच्या उलट क्रमाने मागे येतो. टूथपेस्ट किंवा भांड्यांची पावडर लावून घासणे हे त्याचे नेहमीचे कारण.

निळ्या जोडीतले एक कानातले हरवले तर नवे जुळवताना आम्ही २२ व्होल्टपासून एकेक व्होल्ट वर जातो. दर वेळी बाहेर काढून, धुऊन, पूर्ण वाळवूनच जुन्याशेजारी धरतो, कारण ओल्या धातूवर छटा वेगळीच दिसते. जांभळ्यातून निळ्यात जायला दोन-तीन व्होल्ट पुरतात, आणि एकदा पुढे गेले की व्होल्टेज कमी करून मागे येता येत नाही. ॲसिडने साय उतरवून पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. म्हणून उरलेले कानातले सोबत आणाच. फोटो पाठवून जमत नाही, कारण बघायचा कोन बदलला की हीच छटा बदलते.