भावाचा तक्ता एक्सेलमध्ये घेताना ओळी-कॉलम जागच्या जागी कसे ठेवावेत

आमच्या हिशेब सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच व्यापाऱ्यांच्या फाईलींमध्ये बाजारभावाचे कॉलम घसरलेले असतात. आवकेच्या जागी दर, दराच्या जागी रिकामा सेल, आणि तारीख तर कुठल्या कुठे. आकडे टाइप करताना चुकलेले नसतात. ते वेबपानावरून कॉपी करून चिकटवलेले असतात, आणि घोटाळा चिकटवताना होतो. तो का होतो आणि कसा टाळायचा, एवढंच या पत्रकात आहे. उदाहरण आपल्या रोजच्या कामातलंच घेतलं आहे : महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर येतो तसा कांद्याच्या भावाचा तक्ता. खालच्या पायऱ्या विंडोजवरच्या एक्सेलसाठी आहेत.

कॉपी केल्यावर नेमकं काय उचललं जातं

ब्राउझरमध्ये तक्ता निवडून `Ctrl+C` दाबलं की संगणक एकाच मजकुराच्या दोन प्रती जवळ ठेवतो. एका प्रतीत तक्त्याची पूर्ण रचना असते : कोणता सेल किती ओळी किंवा किती कॉलम व्यापतो, रंग, लिंका, सगळं. दुसरी प्रत साध्या मजकुराची. तिच्यात फक्त अक्षरं असतात, दोन सेलांच्या मध्ये एक टॅब आणि ओळ संपली की नवी ओळ. नुसतं `Ctrl+V` दाबलं तर एक्सेल पहिली प्रत घेतं. कोणती प्रत कधी घ्यायची हे कळलं की निम्मं काम झालं.

निवड करताना शीर्षकाच्या ओळीच्या थोडं वरून सुरुवात करा आणि शेवटच्या सेलच्या पुढे जाऊन थांबा. एखाद्या सेलच्या मधूनच ओढायला सुरुवात केली तर पहिलीच ओळ अर्धवट येते.

कांद्याचा तक्ता

या तक्त्यात सात कॉलम असतात : बाजार समिती, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. तारखेला मात्र वेगळा कॉलम नसतो. ती सगळ्या कॉलमांवर पसरलेली एक स्वतंत्र ओळ असते आणि तिच्याखाली त्या दिवसाच्या बाजार समित्या येतात. पानावर वाचायला हे सोयीचं आहे, पण शीटमध्ये हीच ओळ गोंधळ घालते. क्रम लावला किंवा फिल्टर केला की तारखा एकीकडे आणि भाव दुसरीकडे.

समजण्यापुरते आकडे घेऊ :

```
12/06/2025
लासलगाव   उन्हाळी  क्विंटल  8200  700  2100  1600
पुणे       लोकल    क्विंटल  9500  600  2000  1300
13/06/2025
लासलगाव   उन्हाळी  क्विंटल  7900  700  2150  1650
```

नुसतं `Ctrl+V` केलंत तर दोन गोष्टी होतात. तारखेचे सातही सेल एकत्र जोडलेले येतात, म्हणून पुढे क्रम लावायला गेलं की एक्सेल अडवतं. दुसरी गोष्ट लवकर लक्षात येत नाही. संगणकाची प्रादेशिक रचना अमेरिकेची असेल (नव्या लॅपटॉपवर ती बऱ्याचदा तशीच राहून जाते), तर `12/06/2025` ही एक्सेलच्या लेखी ६ डिसेंबर होते. तेरावा महिना नसल्यामुळे `13/06/2025` मात्र नुसता मजकूर म्हणून राहते. म्हणजे एकाच कॉलममध्ये काही तारखा चुकीच्या आणि काही तारखाच नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे : काही तारखा सेलच्या उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला दिसल्या, तर तिथेच थांबा. ती शीट दुरुस्त करत बसू नका, पुसून पुन्हा आणा.

म्हणून या तक्त्यासाठी साध्या मजकुराची प्रत घ्यायची. कोरी शीट उघडा, `Ctrl+A` करून सगळे सेल निवडा आणि Home टॅबवर General लिहिलेल्या यादीतून Text निवडा. मग A1 वर उजवं बटण दाबून Paste Special मध्ये जा आणि Unicode Text घ्या. त्याच यादीत Text असाही पर्याय असतो. तो घेऊ नका, मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

आता तारीख A कॉलममध्ये एकटी दिसेल, तिच्या पुढचे सेल रिकामे असतील आणि काहीही जोडलेलं नसेल. पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत, दुसऱ्या ओळीत पहिली तारीख आहे, एवढं पाहून घ्या. डावीकडे एक नवा कॉलम घाला आणि A1 मध्ये तारीख असं लिहा. बाजार समिती आता B मध्ये गेली, परिमाण D मध्ये. A2 मध्ये हे सूत्र लिहा आणि खालपर्यंत ओढा :

```
=IF(D2="",B2,A1)
```

परिमाणाचा सेल रिकामा असेल तर ती तारखेची ओळ, म्हणून B मधली तारीख घे. तो भरलेला असेल तर वरच्या ओळीतली तारीखच पुढे ने. एवढाच या सूत्राचा अर्थ. तपासणी जात/प्रत या कॉलमवर न करता परिमाणावर केली आहे, कारण काही बाजार समित्यांची जात दिलेली नसते. परिमाण प्रत्येक ओळीत असतं.

इथे नेहमी एक अडचण येते. सूत्राचं उत्तर न येता सूत्रच जसंच्या तसं दिसत राहतं. नव्या कॉलमनेही शेजारचं Text हे स्वरूप उचललेलं असतं. A कॉलमचं स्वरूप General करा, A2 मध्ये सूत्र पुन्हा लिहा आणि खालपर्यंत ओढा.

तारखा खालपर्यंत उतरल्या की A कॉलम कॉपी करून त्याच जागी Paste Special → Values करा. हे राहिलं आणि तुम्ही ओळी काढायला लागलात तर सगळी सूत्रं कोसळतात. मग `Ctrl+Shift+L` ने फिल्टर लावा, D मध्ये फक्त रिकामे सेल दाखवा आणि त्या ओळी काढून टाका. शेवटी A कॉलम निवडून Data → Text to Columns मध्ये जा, तिसऱ्या पायरीवर Date निवडून शेजारी DMY ठेवा. E, F, G, H या कॉलमांसाठीही हेच करा, फक्त तिथे Date ऐवजी General. प्रत्येक कॉलम वेगळा निवडावा लागतो. दुसऱ्या पायरीवर Comma समोर खूण नाही ना, तेवढं बघा. असेल तर `1,250` चे दोन तुकडे होतील.

जोडलेल्या सेलांचा तक्ता आला तर

दुसऱ्या प्रकारचे तक्ते याच्या बरोबर उलट वागतात. त्यांत बाजार समितीचं नाव एकदाच लिहून तो सेल खाली दोन-तीन ओळी व्यापतो, आणि समोर उन्हाळी, लाल, पांढरा अशा जाती एकाखाली एक येतात. साध्या मजकुराच्या प्रतीत ही व्याप्ती नोंदलेलीच नसते. त्यामुळे दुसऱ्या ओळीत लाल हा शब्द थेट बाजार समितीच्या कॉलममध्ये येतो आणि ती पूर्ण ओळ एक घर डावीकडे सरकते. अशा ओळींचा शेवटचा कॉलम रिकामा राहतो. शीटच्या उजव्या कडेला मधूनमधून भोकं दिसली तर कारण बहुधा हेच.

इथे नेहमीचं `Ctrl+V` बरं. सेल जोडलेले येतील, पण ओळी सरकणार नाहीत. मग पूर्ण तक्ता निवडून Merge & Center च्या बाणाखालचं Unmerge Cells दाबा. बाजार समितीचा कॉलम निवडा, Find & Select → Go To Special → Blanks करा, `=` टाइप करा, वर जाणारा बाण एकदा दाबा आणि `Ctrl+Enter`. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये वरचं नाव उतरेल. पुन्हा Values म्हणून चिकटवायला विसरू नका.

रोज आपोआप आणायचं असेल तर

गुगल शीट्समध्ये त्यासाठी एक सूत्र आहे :

```
=IMPORTHTML("पानाचा पत्ता","table",1)
```

शेवटचा आकडा म्हणजे पानावरचा कितवा तक्ता. डोळ्यांना एकच तक्ता दिसला तरी पानाची मांडणी करण्यासाठीही काही वेळा तक्तेच वापरलेले असतात, म्हणून हवा तो मिळेपर्यंत २, ३ असं करून पाहावं लागतं. `#REF!` आलं तर खालच्या किंवा शेजारच्या सेलांत आधीचं काहीतरी लिहिलेलं आहे; जागा मोकळी करा.

हे सूत्र प्रत्येक पानावर चालत नाही. पान उघडून `Ctrl+U` दाबा, समोर येणाऱ्या मजकुरात `Ctrl+F` ने लासलगाव शोधा. सापडलं तर सूत्र चालण्याची शक्यता चांगली. सापडलं नाही तर तक्ता पान उघडल्यानंतर ब्राउझरमध्ये तयार होतो, आणि सूत्राला तो दिसतच नाही. यादीतून शेतमाल निवडल्यावरच भाव दिसतात आणि वरचा पत्ता तसाच राहतो, अशी पानं बहुतेक याच जातीची. तिथे हाताने कॉपी करण्याला पर्याय नाही. सूत्र चाललं तरी ते पानावर आत्ता जे आहे तेच दाखवतं. कालचे भाव जपायचे असतील तर ते रोज दुसऱ्या शीटवर Values म्हणून उतरवून ठेवा.

आकडे दिसतात पण बेरीज शून्य येते

वेबपानावर आकड्याच्या मागे-पुढे कधी कधी न तुटणारी मोकळी जागा असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण एक्सेल अशा आकड्याला मजकूर समजतं. तपासायला दोन रिकाम्या सेलांचं स्वरूप General करा आणि त्यांत E कॉलमवरची ही दोन सूत्रं शेजारी शेजारी लावा :

```
=COUNTA(E2:E200)
=COUNT(E2:E200)
```

पहिलं भरलेले सेल मोजतं, दुसरं फक्त खरे आकडे. दोन्हीत फरक आला तर तेवढे आकडे मजकूर आहेत. एका रिकाम्या कॉलमचं स्वरूप General करा आणि त्यात हे सूत्र लावून स्वच्छ आकडे मिळवा :

```
=VALUE(SUBSTITUTE(E2,UNICHAR(160),""))
```

कधी कधी तारखेच्या ओळीतल्या रिकाम्या सेलांतही हीच जागा लपलेली असते. मग वरचं `D2=""` फसतं आणि ती तारीख पुढच्या ओळींत उतरत नाही. तसं दिसलं तर D ची एक स्वच्छ प्रत करून तिच्यावर तपासणी लावा.

ओळींची संख्या मात्र पानावरच मोजून घ्या. एका वेळी थोड्याच ओळी दाखवून खाली पुढच्या पानांचे आकडे देणाऱ्या तक्त्यात समोर दिसतं तेवढंच कॉपी होतं.

एवढं करूनही तक्ता जागेवर बसला नाही, तर फाईल आमच्याकडे पाठवा. सोबत पानाचा पूर्ण पत्ता, यादीतून काय काय निवडलं होतं ते, आणि चिकटवल्यानंतरची हात न लावलेली शीट द्या. दुरुस्त्या करून झालेली शीट आली तर मूळ ओळ कुठून सरकली ते शोधता येत नाही.