लिटर म्हणजे किलोच का?

"सहावीतल्या मुलीने गणितात 15 लिटर तेल = 15 किलो असं लिहिलं, बाईंनी चूक दिली. एक लिटर म्हणजे एक किलोच ना?"

बाईंचं बरोबर आहे. हे समीकरण पाण्याचं. लिटर जागा मोजतं, किलो वजन. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तर वरणावर फोडणीचं तेल तरंगतं. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरांत बहुधा 910 ग्रॅम छापलेलं असतं, बघा. दूध मात्र लिटरला साधारण 1030 ग्रॅम भरतं.

किराणा दुकानात तेलाचे डबे दोन प्रकारचे मिळतात, 15 लिटरचे आणि 15 किलोचे. समजा, लिटरवाला 2100 रुपयांना आहे आणि किलोवाला 2250 ला. स्वस्त कोणता? लिटरवाल्यात तेल 15 × 910 = 13650 ग्रॅम, म्हणजे 13.65 किलो. 2100 ला 13.65 ने भागलं की किलोला जवळपास 154 रुपये पडतात. दुसऱ्यात 2250 भागिले 15, सरळ 150. म्हणजे महाग दिसणारा डबाच स्वस्त! आम्हीही कित्येक वर्षं लिटरवालाच उचलत होतो.

लिटरचे मिलिलिटर करायला 1000 ने गुणणं कुठल्याही द्रवाला चालतं. लिटरवरून किलोवर जाताना मात्र आधी विचारायचं, भांड्यात आहे काय?