भजनसंध्येसाठी पडद्यावरचे शब्द : काम देण्याआधी वाचावे असे थोडेसे

सोसायटीच्या किंवा मंडळाच्या भजनसंध्येसाठी आम्ही शब्दांच्या स्लाइड्स करून देतो. पहिल्याच फोनवर बहुतेक जण म्हणतात, "एका पानावर अख्खा अभंग बसवा, म्हणजे सारखं पुढे ढकलायला नको." नेमके तेच आम्ही करत नाही. का, ते एका उदाहरणाने सांगतो.

तुकोबांचा 'सुंदर ते ध्यान' घ्या. चार कडवी, म्हणजे आठ ओळी. आठ ओळी एका पानावर बसवायच्या तर अक्षर इतके बारीक होते की मागच्या रांगेतल्या आजी पडदा सोडून शेजारणीच्या तोंडाकडे बघून म्हणू लागतात. म्हणून आम्ही एका स्लाइडवर एकच कडवे घेतो, तेही दोन ओळींत:

सुंदर ते ध्यान उभे विटेवरी
कर कटावरी ठेवोनिया

ओळ कुठे तोडायची हे अभंगाचा छंदच सांगतो. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, चौथा चार अक्षरांचा. 'विटेवरी'पाशी बुवा थांबतात आणि टाळकरी उचलतात, तिथेच ओळ संपली पाहिजे. जागा उरली म्हणून 'कर' वरच्या ओळीत ढकलला, तर म्हणणारा तिथेच अडखळतो.

दुसरा प्रश्न ध्रुपदाचा. गाथ्यात 'ध्रु.' ही खूण या अभंगाच्या दुसऱ्या कडव्यापाशी छापलेली असते, पण भजनात बहुतेक ठिकाणी पहिली ओळच घोळवतात. दर वेळी मागच्या स्लाइडवर जायचे म्हटले की माऊस धरणाऱ्याची तारांबळ उडते. त्यामुळे दुसऱ्या कडव्यापासून प्रत्येक स्लाइडच्या डोक्यावर 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' ही ओळ फिक्या केशरी रंगात, थोडी लहान ठेवतो. तोवर ती सगळ्यांना पाठ झालेली असते, डोळ्यांना फक्त आधार लागतो. तुमच्याकडे ध्रुपद वेगळे धरत असतील तर आधी कळवा. शब्दही तुमचे बुवा म्हणतात तसेच लिहून पाठवा. 'ठेवोनिया' की 'ठेवूनिया' यावरून ऐन कार्यक्रमात कुजबुज झालेली आम्ही ऐकली आहे, आणि चूक आमची होती. त्या मंडळाला न विचारताच पुस्तकातून उतरवले होते.

अक्षराचा आकार पडद्यापासून शेवटच्या खुर्चीपर्यंतच्या अंतरावर ठरतो. आमचा हिशोब साधा आहे: दर दहा फुटांमागे अक्षराचे अंग एक इंच. हॉल ४० फूट खोल असेल तर पडद्यावर 'क' चार इंच उंच हवा. आठ फूट रुंद पडद्यावर हे साधायला पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या रुंद स्लाइडवर साधारण ६६ ते ७२ पॉइंटचा टाइप लागतो. फॉन्टनुसार थोडे कमीजास्त होते. ओळींत अंतरही सढळ लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. म्हणून हॉलची खोली आणि पडद्याची रुंदी, हे दोन आकडे आम्हाला आधी द्या.

मागे विठ्ठलाचा फोटो हवा, असा आग्रह असतो. तो आम्ही पहिल्या स्लाइडवर आणि आरतीच्या आधी पूर्ण पडदाभर लावतो, शब्दांच्या मागे नाही. चंदनाच्या टिळ्यावर पांढरे अक्षर आले की ते दिसतच नाही. शब्दांमागे एकच गडद रंग, निळा किंवा तपकिरी, आणि अक्षर किंचित पिवळसर पांढरे. दिवे मंद असतील तर हे डोळ्यांना शांत वाटते. मात्र हॉलचे दिवे पूर्ण चालू राहणार असतील, तर प्रोजेक्टरवर गडद रंग राखाडी पडतो आणि अक्षर फिकट दिसते. अशा वेळी फिकट बदामी पार्श्वभूमी आणि काळे अक्षर बरे. दिवे कसे राहतील ते विचारतो ते यासाठी. हलणाऱ्या ज्योती, उडणारी फुले आम्ही मागितली तरी घालत नाही.

फाइल दोन प्रकारे देतो: पॉवरपॉइंट आणि पीडीएफ. शब्द युनिकोडमध्येच असतात. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की अभंगाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तरीही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर एकदा उघडून बघा. जोडाक्षरे फुटलेली दिसली, तर पीडीएफ वापरा.

सोबत एक छापील कागद येतो, प्रत्येक भजनाचा पहिला स्लाइड-क्रमांक लिहिलेला. बुवांनी ऐनवेळी क्रम बदलला, तर पॉवरपॉइंटमध्ये तो क्रमांक टाइप करून Enter दाबायचे. मधली भजने न दाखवता थेट तिथे पोचता येते. गजर सुरू झाला किंवा कोणी बोलायला उभे राहिले की B दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा B दाबले की परत येतो. स्लाइड मात्र टाळकऱ्यांनी ओळ दुसऱ्यांदा म्हणून संपवत आणल्यावरच पुढे सरकवा, बुवांची संपली म्हणून नव्हे. यासाठी लॅपटॉपपाशी भजन पाठ असलेले कोणीतरी बसवा, कॉम्प्युटर येणारेच असायला हवे असे नाही.