सोसायटीचं ऑडिट: ऑडिटर काय तपासतो आणि 'खरे व वाजवी चित्र' कशाला म्हणतात

दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खजिनदार मंडळींची धावपळ सुरू होते. "ऑडिट अडकलंय, एवढं पास करून द्या ना." पहिला गैरसमज इथेच आहे. ऑडिट म्हणजे दहावीची परीक्षा नव्हे, ते पास-नापास होत नाही. ऑडिटर हिशेबांवर आपलं मत देतो. अहवालावर अ, ब, क, ड असा जो वर्ग पडतो तो वेगळा. तो संस्थेच्या एकूण कारभाराला असतो. 'अ' मिळाला म्हणजे ताळेबंदातला प्रत्येक आकडा बिनचूक, असं अजिबात नाही.

आधी नियम थोडक्यात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 81 नुसार प्रत्येक संस्थेचं ऑडिट दरवर्षी करावं लागतं. ऑडिटर शासनमान्य पॅनलवरचाच हवा. त्याची नेमणूक वार्षिक सर्वसाधारण सभेत होते, कमिटीच्या मीटिंगमध्ये नाही. एकच ऑडिटर सलग तीन वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे "आमचे नेहमीचेच सीए आहेत" असं सांगणाऱ्यांनी आधी वर्षं मोजावीत आणि त्यांचं नाव पॅनलवर आहे का तेही पाहावं. सभेपासून 30 दिवसांत ठराव आणि ऑडिटरचं लेखी संमतीपत्र निबंधकांकडे गेलं पाहिजे. संमतीपत्र राहून जातं ते नेहमी याच पायरीवर. ते गेलं नाही तर निबंधक स्वतः ऑडिटर नेमू शकतात.

मुदतीतही हमखास गल्लत होते. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत असते म्हणून ऑडिटही तोपर्यंत चालेल, असं अनेकजण धरून चालतात. वर्ष 31 मार्चला संपतं आणि ऑडिट तिथून चार महिन्यांत, म्हणजे 31 जुलैपर्यंत पूर्ण व्हायला हवं. सभेची नोटीस निघण्याआधी अहवाल हातात असला पाहिजे.

कागदपत्रांपैकी रोजमेळ, खतावणी, व्हाउचर, बँक पासबुक, सभासद नोंदवही आणि इतिवृत्तं बहुतेकांकडे असतात. नसतं ते बँकेचं शिल्लक प्रमाणपत्र. मुदत ठेवीची पावती दाखवली की काम झालं, असं वाटतं. एका खजिनदारांनी माझ्यासमोर प्लास्टिकच्या फोल्डरमधून पावती काढली, ती जपून लॅमिनेट केलेली! पावती 2016 ची. ठेव तेव्हापासून तीनदा आपोआप नूतनीकरण झालेली, रक्कम बदललेली, क्रमांकही बदललेला. ती पावती एवढंच सांगत होती की 2016 मध्ये पैसे ठेवले होते. ते 31 मार्चला होते का, त्यावर कुणी कर्ज उचललंय का, हे फक्त बँक सांगू शकते. म्हणून ऑडिटर बँकेचं पत्र मागतो, आणि ते शक्यतो थेट त्याच्याकडे यावं असं पाहतो. अर्ज एप्रिलमध्येच द्या. जुलैमध्ये शाखा व्यवस्थापक तुमच्यासाठी थांबलेला नसतो.

थकबाकीचंही तसंच. वहीत अमुक सभासदाकडून येणे लिहिलंय, पण त्या सभासदाला ते मान्य आहे का? त्यासाठी ऑडिटर काही सभासदांना शिल्लक पुष्टीची पत्रं पाठवतो. काहींनाच, कारण तो सगळे कागद तपासत नाही. तो नमुने निवडतो, मोठ्या रकमा बघतो, जिथे गडबड होण्याची शक्यता जास्त तिथे खोलात जातो. त्यामुळे त्याची हमी पुरेशी असते, शंभर टक्के नसते. रंगकामाला दरपत्रकं मागवली का, कमिटीची मंजुरी होती का, पैसे बिलाप्रमाणे गेले का, हे तो पाहतो. रंग दोन हातांऐवजी एकच हात मारला, हे त्याला वहीतून दिसणार नाही. तो संशय असेल तर कलम 83 ची चौकशी हा वेगळा रस्ता आहे, त्याला एक पंचमांश सभासदांचा अर्ज लागतो.

आता 'खरे व वाजवी चित्र'. हिशेब असं चित्र दाखवतात का, यावरच ऑडिटर मत देतो. कंपन्यांच्या जुन्या, 1913 च्या कायद्यात 'खरे व बिनचूक' असे शब्द होते. 1956 च्या कायद्यात 'बिनचूक' जाऊन 'वाजवी' आलं. कारण हिशेबात बरंच काही अंदाजावर असतं, घसारा किती धरायचा, कोणती थकबाकी बुडाली समजायची. तिथे 'बिनचूक' असं काही नसतंच. वाचणाऱ्याची दिशाभूल होऊ नये, हा मुद्दा.

उदाहरण घेऊ. चाळीस फ्लॅटची सोसायटी. उत्पन्न-खर्च पत्रकात 85,000 रुपये वाढावा. सभेत टाळ्या. प्रत्येक व्हाउचर खरं, बँक शिल्लक रुपयासह जुळते. पण एका फ्लॅटची 3,00,000 रुपयांची मूळ थकबाकी वादात आहे, सभासद कोर्टात गेलाय. सोसायटीने त्यावर 21 टक्के सरळव्याज, म्हणजे 63,000 रुपये, वर्षाचं उत्पन्न म्हणून धरलं. शिवाय लिफ्ट दुरुस्तीचं 48,000 चं बिल 29 मार्चचं, पण पैसे एप्रिलमध्ये दिले म्हणून खर्चच पुढच्या वर्षात टाकला. 85,000 मधून 48,000 गेले की 37,000 उरतात. हाती येईल की नाही माहीत नाही असं 63,000 चं व्याज बाजूला काढलं, तर 26,000 रुपयांची तूट.

खोटं कुणी काही लिहिलेलं नाही. लिफ्टवाल्याचं बिल खरं, व्याजाचं गणित उपविधीप्रमाणे. तरी सभासदाला वाटणार की मेंटेनन्स वाढवायची गरज नाही, आणि पुढच्या वर्षी लिफ्ट बंद पडल्यावर वर्गणी काढावी लागणार. हे चित्र वाजवी नाही. ऑडिटर दुरुस्ती सुचवतो. कमिटीने ऐकलं नाही तर तो मतात 'याखेरीज' म्हणून मुद्दा नोंदवतो, त्याला सशर्त मत म्हणतात. चूक सगळ्या ताळेबंदालाच विकृत करत असेल तर प्रतिकूल मत. आणि कागदच दिले नाहीत तर मत द्यायलाच नकार. या तिसऱ्या प्रकाराला कमिट्या सर्वांत कमी घाबरतात, आणि सर्वांत जास्त घाबरायला हवं ते त्यालाच. ऑडिटर सरळ सांगतोय की काय आहे ते मला कळलंच नाही.

म्हणून सभासदांनो, सभेत अहवाल आला की आधी वाढाव्याकडे धावू नका. मताचा परिच्छेद वाचा आणि त्यात 'याखेरीज' किंवा 'अधीन राहून' आहे का ते शोधा. मग ताळेबंदात सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी, एका बाजूला किती, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या ठेवी किती, हे पडताळा. फंड 12 लाख आणि ठेवी 9 लाख असतील तर 3 लाख कुठे खर्च झाले, हा साधा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

शेवटची अडचण दोष दुरुस्ती अहवालाची, ज्याला सगळे 'ओ फॉर्म' म्हणतात. कलम 82 प्रमाणे ऑडिट अहवालात दाखवलेले दोष दुरुस्त करून तो तीन महिन्यांत द्यायचा. तीन महिने ऑडिट अहवालाच्या तारखेपासून मोजतात, वार्षिक सभेपासून नाही. 25 जुलैचा अहवाल असेल तर 25 ऑक्टोबर. "सभेत मंजूर झालं की मग पाठवू" म्हणणाऱ्यांची सभा सप्टेंबरअखेरीस होते आणि हातात जेमतेम साडेतीन आठवडे उरतात. शिवाय प्रत्येक मुद्द्यासमोर नुसतं 'नोंद घेतली' लिहून परत आलेले ओ फॉर्म मी खूप पाहिलेत. काय केलं ते लिहा: बिल मार्चच्या खर्चात घेतलं, व्याज वेगळ्या खात्यात ठेवलं, बँकेचं पत्र सोबत जोडलं.