डिपॉझिट लिमिट, लॉस लिमिट आणि कूलिंग-ऑफ

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खात्यावर खेळणाऱ्याने स्वतःच घालून घेतलेली बंधने. डिपॉझिट लिमिट म्हणजे ठरावीक मुदतीत खात्यात जास्तीत जास्त किती रुपये भरता येतील याची मर्यादा. लॉस लिमिट भरलेल्या पैशांकडे पाहत नाही, तर लावलेल्या रकमेतून जिंकलेली रक्कम वजा जाता उरणारा निव्वळ तोटा मोजते. सेशन टायमर बैठकीचा वेळ धरतो. या तिन्हींपैकी एखादी मर्यादा वाढवायची झाल्यास मध्ये जो सक्तीचा थांबा येतो, तो कूलिंग-ऑफ. काही काळ खातेच बंद ठेवण्यालाही हाच शब्द वापरतात.

यातली सगळी खुबी एका विषमतेत आहे. चांगल्या नियमनात मर्यादा कमी केली की ती तत्काळ लागू होते, वाढवायची म्हटली की थांबावे लागते. ब्रिटनमध्ये हा थांबा किमान 24 तासांचा असतो, आणि तो संपल्यावर ‘हो, वाढवायचीच आहे’ असे पुन्हा सांगावे लागते. बँकेच्या ॲपमध्ये नवा लाभार्थी जोडल्यावर पहिले काही तास मोठी रक्कम पाठवता येत नाही. तिथे थांबा चोरापासून वाचवतो, इथे खातेदाराला रात्री एक वाजताच्या स्वतःपासून.

एक काल्पनिक उदाहरण मराठवाड्यातले घेऊ. औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ऑक्टोबर 2024 मध्ये लातूरच्या आडतीवर 20 क्विंटल सोयाबीन घातले. 4,200 रुपये भाव लागला. हमाली-तोलाई जाऊन साधारण 82,000 रुपयांची पट्टी हातात आली आणि ती बँकेत जमा झाली. रमीच्या ॲपवर त्याने शहाणपणाने महिन्याला 3,000 रुपयांचे डिपॉझिट लिमिट लावलेले होते. 31 ऑक्टोबरच्या रात्री अकरापर्यंत ते 3,000 संपले. ॲपने पुढचा भरणा नाकारला, म्हणजे लिमिटने आपले काम केले.

पण हे लिमिट कॅलेंडरच्या महिन्याचे होते. बारा वाजले, 1 नोव्हेंबर उजाडला आणि नवे 3,000 मोकळे झाले. तासाभरात तेही गेले. कागदावर महिन्याला 3,000, प्रत्यक्षात दोन-अडीच तासांत 6,000. म्हणून लिमिट लावताना आकड्याआधी त्याची मुदत पाहावी. ‘मागचे 30 दिवस’ अशी सरकती मुदत असेल तर ही फट राहत नाही. ती नसेल तर महिन्याच्या लिमिटसोबत दिवसाचेही छोटे लिमिट लावावे, म्हणजे मध्यरात्रीची उडी आपोआप आखूड होते.

सव्वा वाजता त्याने लिमिट 20,000 करण्याची विनंती टाकली. या क्षणी डोक्यात खेळाची मजा नसते, ‘गेलेले भरून काढू’ एवढेच असते. हरलेला माणूस पुढचा डाव नव्याने तोलत नाही, मागच्या डावाचा हिशेब मिटवायला बसतो, आणि त्यासाठी लावायची रक्कम वाढवत नेतो. ही ओढ तीव्र असते, पण ती चढते तशी उतरतेही. थांबा नसता तर 20,000 पाच मिनिटांत खात्यात पडले असते. 24 तासांच्या थांब्यात मध्ये सकाळ आली. खताच्या दुकानाची उधारी आणि हरभऱ्याचे बियाणे समोर उभे राहिले, लक्ष्मीपूजनाची खरेदी निघाली. रात्री सव्वा वाजता पुन्हा होकार द्यायची आठवण त्याला राहिलीही नाही. थांब्याने त्याला कुणी उपदेश केला नाही, फक्त निर्णय दुसऱ्या वेळेवर ढकलला.

डिपॉझिट लिमिटला न दिसणारी एक गोष्ट आहे: जिंकलेले पैसे. समजा 2,000 भरले, डाव लागला, शिल्लक 8,000 झाली आणि मग सगळी खेळून शून्यावर आली. नवे पैसे भरलेच नाहीत, त्यामुळे डिपॉझिट लिमिट जागचे हलत नाही. 1,500 चे लॉस लिमिट असते तर शिल्लक 500 उरल्यावर खेळ थांबला असता, पण तोवर हाती आलेले 7,500 गेलेलेच असते. यावर उपाय एकच, जिंकलेली रक्कम लगेच बँकेत काढणे. अडचण अशी की काही ठिकाणी पैसे पोचेपर्यंत ती मागणी रद्द करून तीच रक्कम पुन्हा खेळता येई. ब्रिटनने 2021 मध्ये ही सोय बंद केली ती याचसाठी.

सेशन टायमर तिघांत सर्वांत दुबळा. ‘तुम्ही 45 मिनिटे खेळत आहात’ ही खिडकी अंगठा सवयीने बाजूला सारतो. खाते आपोआप बाहेर काढणारा टायमर बरा, पण बाहेर पडून लगेच परत आत आल्यावर घड्याळ शून्यापासून सुरू होत असेल तर त्याला अर्थ नाही. दिवसभराची एकूण वेळ मोजणारा टायमर असेल तर तोच लावावा.

महिन्याचे लिमिट ही कल्पनाच पगारदाराच्या खिशावर बेतलेली आहे. मराठवाड्यात पैसा असा येत नाही. सोयाबीन-कापसाची पट्टी वर्षातून एकदा येते. बीडच्या ऊसतोड जोडप्याला मुकादमाकडून उचल एकरकमी मिळते आणि ती पुढे हंगामभर कोयत्याने फेडायची असते. खात्यात 82,000 दिसत असताना 3,000 किरकोळ वाटतात, पण वर्षाचे 36,000 होतात, म्हणजे त्या पट्टीचा जवळजवळ निम्मा भाग. अशा घरात आकडा वर्षाच्या बाजूने काढावा: घरखर्च, उधारी, पुढची पेरणी बाजूला काढून वर्षात किती बुडाले तरी चालतील ते ठरवायचे आणि त्याला बाराने भागायचे. बऱ्याचदा उत्तर शून्य येते.

थांब्याची ताकदही मोजकीच आहे. लिमिट त्या एका खात्यापुरते असते. दुसरे ॲप आणि भावाच्या नावचे सिम हाताशी असले की ते संपले. जर्मनीने 2021 पासून म्हणूनच सर्व परवानाधारक कंपन्यांना मिळून महिन्याला 1,000 युरोची सामायिक मर्यादा घातली. रोज थांबा संपायची वाट पाहणाऱ्याला 24 तास पुरत नाहीत. ब्रिटनमध्ये छोटी सुटी सहा आठवड्यांपर्यंत घेता येते, त्यापुढे किमान सहा महिन्यांची स्वतःहून बंदी असते.

भारतात चित्र बदलले आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि मोठ्या ॲपनी असे डाव बंद केले. शिक्षेचा रोख खेळ चालवणारे, जाहिरात करणारे आणि पैसे फिरवणारे यांच्यावर आहे, खेळणाऱ्यावर नाही. मागे उरली ती बेकायदा सट्ट्याच्या साइटवर खेळण्यासाठी एजंटाकडून मिळणारी ‘आयडी’. तिथे आधी पॉईंट मिळतात आणि वसुली नंतर होते. भरणाच नसल्यामुळे डिपॉझिट लिमिट लावायला जागाच नसते, आणि टायमर किंवा थांबा ठेवण्यात एजंटाचा काही फायदा नसतो.

त्यामुळे इथे बंधन बँकेच्या टोकाला घालावे लागते. अनेक बँकांच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा खातेदाराला कमी करता येते. त्याहून पक्की सोय म्हणजे पट्टी अशा वेगळ्या खात्यात घेणे, ज्यावर यूपीआय सुरूच केलेले नाही आणि ज्याचे डेबिट कार्ड घरातल्या दुसऱ्या माणसाकडे आहे. पैसे काढायचे तर शाखा उघडेपर्यंत थांबावे लागते. रात्र काढणेच अवघड झाले असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते, तेही कोणत्याही वेळी.