भिंतीवरचा बिजागरीचा दांडा आणि तिरकी तार

भिंतीत एका टोकाला बिजागरीने बसवलेला आणि वरून तिरक्या तारेने तोललेला दांडा ही स्थितिकीतील एक परिचित रचना आहे. दुकानाची लोंबती पाटी आणि कारखान्यातील भिंतीवरची छोटी क्रेन ही तिचीच रूपे होत. अशा रचनेत दोन गोष्टी काढायच्या असतात: तारेतील ताण आणि बिजागरीवर येणारे बल. ताण बहुतेकांना सहज निघतो, घोटाळा होतो तो बिजागरीपाशी.

तारेबद्दल एक गोष्ट आधीच ठाऊक असते. तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही, म्हणून तिच्या बलाची दिशा तारेच्याच रेषेत असते आणि फक्त त्याचे मान शोधायचे राहते. बिजागरी मात्र दांड्याला वर, खाली, आत, बाहेर कुठेही ढकलू किंवा ओढू शकते. ती रोखत नाही ते एवढेच, दांड्याचे फिरणे. म्हणून तिचे बल आडवे H आणि उभे V अशा दोन घटकांत मांडतात. अज्ञात राशी तीन झाल्या, आणि एका प्रतलातील समतोलाची समीकरणेही तीनच मिळतात: आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य आणि परिबलांची, म्हणजे बलांच्या फिरवण्याच्या परिणामांची, बेरीज शून्य.

समजा, ३ मीटर लांबीचा, सर्वत्र सारख्या जाडीचा, २० किलोचा दांडा आडवा आहे. त्याच्या टोकाला ५० किलोचे ओझे टांगले आहे आणि त्याच टोकापासून निघालेली तार दांड्याशी ३०° चा कोन करून वर भिंतीत अडकवली आहे. g = ९.८ मी/से² धरल्यास दांड्याचे वजन १९६ न्यूटन होते आणि ते मध्यावर, म्हणजे १.५ मीटरवर, लागते. ओझ्याचे वजन ४९० न्यूटन.

परिबले बिजागरीभोवतीच घ्यावीत. H आणि V दोन्ही त्या बिंदूतूनच जातात, त्यामुळे त्यांचे परिबल शून्य होते आणि समीकरणात एकटा ताण T उरतो:

T × ३ × sin ३०° = १९६ × १.५ + ४९० × ३

उजवी बाजू १७६४ न्यूटन-मीटर येते, म्हणून T = ११७६ न्यूटन. टांगलेले वजन ४९० आणि तारेत त्याच्या दुपटीहून जास्त ताण, हे पाहून दचकायचे कारण नाही. वजन तोलायला ताणाचा उभा घटकच कामी येतो आणि तो येथे निम्माच, म्हणजे ५८८ न्यूटन, आहे.

आता आडवी बले: H = T cos ३०° = १०१८ न्यूटन, भिंतीपासून बाहेरच्या दिशेने. उभी बले: V = १९६ + ४९० − ५८८ = ९८ न्यूटन, वरच्या दिशेने. दोन्ही मिळून बिजागरीचे बल सुमारे १०२३ न्यूटन होते आणि ते दांड्याच्या वर सुमारे ५.५° झुकलेले असते. हे बल दांड्याच्याच रेषेत असणार असे गृहीत धरणे ही नेहमीची चूक. ते तेव्हाच खरे, जेव्हा दांड्याचे वजन नगण्य असते आणि ओझे व तार एकाच बिंदूवर लागतात. येथे उरलेले ९८ न्यूटन म्हणजे नेमके दांड्याचे अर्धे वजन आहे.

तार टोकाऐवजी बिजागरीपासून २ मीटरवर बांधली आणि कोन ३०° च ठेवला, तर चित्र पालटते. ताण १७६४ न्यूटन होतो, त्याचा उभा घटक ८८२ न्यूटन, म्हणजे एकूण वजनापेक्षा १९६ न्यूटनांनी जास्त. V उणे येतो: बिजागरी आता दांड्याला खाली दाबून धरते. हे उणे चिन्ह गणितातली चूक समजून पुसून टाकू नये. बिजागरीची खीळ वर निसटणार नाही अशी बसवली आहे ना, हे पाहण्याची ती सूचना असते.

कोनाचा परिणाम त्याहून मोठा. पहिल्याच मांडणीत तारेचा दांड्याशी कोन θ असेल, तर T = ५८८ / sin θ असतो. ६०° ला ताण ६७९ न्यूटन, १५° ला मात्र २२७२. तार दांड्याला जितकी टेकत जाते तितका ताण वाढतो, आणि त्यासोबत दांड्यावरचा दाबही. लांब, बारीक दांडा त्या दाबाने बाकदार होऊ शकतो.

भिंतीच्या बाजूनेही पाहावे. वरचा खुंटा १०१८ न्यूटनांनी आडवा बाहेर ओढला जातो, बिजागरी तितक्याच बलाने भिंतीत दाबली जाते. दोन्हींमधील अंतर १.७३ मीटर. गुणाकार पुन्हा १७६४ न्यूटन-मीटर येतो, हा उत्तराचा ताळा. विटांची भिंत दाब सोसते, ओढ सोसत नाही. म्हणून प्रत्यक्षात आधी धोक्यात येतो तो बहुधा वरचा खुंटा: त्याच्याभोवती गिलाव्याला केसासारखी भेग पडते आणि दांड्याचे टोक थोडे खाली उतरते.

हे सारे स्थिर ओझ्याचे गणित आहे. ओझे दांड्यावर एकदम सोडले, तर त्याच्यामुळे येणारा ताण क्षणभर दुपटीपर्यंत जाऊ शकतो. आणि वाऱ्याने पाटी खालून उचलली गेली, तर तार सैल पडते आणि वरची समीकरणे लागूच होत नाहीत.