छपाईला नकार देणारी पीडीएफ आणि तिचा 'मालक'

आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेची फाइल छापखान्यात गेली आणि तासाभरात फोन आला, "फाइल उघडते, पण प्रिंट निघत नाही." आम्ही इकडे उघडून पाहिली. पानं स्वच्छ दिसत होती, फक्त प्रिंटचं बटण फिकट पडलेलं होतं आणि वर नावापुढे `(SECURED)` असं लिहून आलं होतं. लेख आमचे, फोटो आमचे, जाहिराती आम्ही दारोदार फिरून आणलेल्या. तरी फाइलच्या दृष्टीने आम्ही मालक नव्हतो. मालक होता डिझायनर, कारण पासवर्ड त्याने घातला होता, आणि आता तो त्याला आठवत नव्हता.

हा घोळ का होतो ते कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. अ‍ॅडोबीने पीडीएफ 1993 मध्ये बाजारात आणली तेव्हा तिला कुलूप नव्हतं. ते पुढच्याच वर्षी, 1.1 आवृत्तीत आलं, आणि एक नव्हे तर दोन पासवर्ड घेऊन आलं. पहिला फाइल उघडण्याचा. ई-आधारची फाइल उघडताना नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष टाकावं लागतं, तो हा प्रकार. दुसरा परवानगीचा. तो लावलेली फाइल कोणीही उघडून वाचू शकतो, पण छापणं, मजकूर उचलणं किंवा बदल करणं यांतलं काय चालेल ते पासवर्ड लावणारा ठरवतो. तांत्रिक भाषेत या दुसऱ्याला 'ओनर पासवर्ड' म्हणतात. मजकुराच्या मालकीशी त्या शब्दाचा काहीही संबंध नाही, आणि निम्मे गैरसमज त्या नावातूनच होतात.

परवानग्या फाइलमध्ये एका आकड्याच्या रूपात बसतात. त्याचं नाव `/P`. बत्तीस दिव्यांची एक ओळ डोळ्यासमोर आणा. तिसरा दिवा छपाईचा, चौथा बदलांचा, पाचवा मजकूर उचलण्याचा. 2001 च्या सुमारास पीडीएफ 1.4 आली तेव्हा बारावा दिवाही कामाला लागला, चांगल्या दर्जाच्या छपाईसाठी. सगळ्या परवानग्या चालू असतील तर आकडा येतो -4. छपाई पूर्ण बंद केली की तिसरा आणि बारावा दिवा विझतात, म्हणजे 4 आणि 2048 वजा होतात, आणि आकडा होतो -2056. फक्त बारावाच विझवला तर छपाई होते, पण अ‍ॅक्रोबॅटमध्ये ती 150 डीपीआयपुरती मर्यादित राहते. प्रिंट निघते पण अक्षरं पुसट येतात, अशी तक्रार असेल तर प्रिंटरची शाई तपासण्याआधी हे पाहावं.

हा आकडा फाइलमध्ये उघडाच असतो. मग नोटपॅडमध्ये जाऊन -2056 चं -4 का करू नये? करून पाहणाऱ्याची फाइल बिघडते. मजकूर ज्या किल्लीने कुलूपबंद होतो, ती किल्ली तयार करताना हाच आकडा त्यात कालवलेला असतो. आकडा बदलला की किल्ली चुकते. नव्या 256 बिटांच्या पद्धतीत आकडा किल्लीत कालवत नाहीत, पण त्याची एक कुलूपबंद प्रत शेजारी ठेवतात, म्हणजे फेरफार उघडा पडतो.

इतकी काळजी घेऊनही मूळ दुबळेपणा पहिल्या दिवसापासून तसाच आहे. उघडण्याचा पासवर्ड नसेल तर किल्ली रिकाम्या पासवर्डवरून मिळते. तसं नसतं तर आम्हाला पानं दिसलीच नसती. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हातात सगळा मजकूर उलगडलेला असतो, आणि 'छापायचं नाही' ही सूचना पाळायची की नाही हे ते सॉफ्टवेअर ठरवतं. पीडीएफचं मानकही हे लपवत नाही. परवानग्या पाळण्याची जबाबदारी ते वाचक-सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवर टाकतं. दारावर कुलूप नाही, 'आत येऊ नये' अशी पाटी आहे. सुरुवातीची 40 बिटांची किल्ली जाऊन 128 बिटांची आली, मग एईएस ही आणखी मजबूत कुलूपपद्धत आली. त्याने उघडण्याचा पासवर्ड भक्कम झाला, पाटीची मात्र पाटीच राहिली.

म्हणून वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचं वागणं वेगळं. अ‍ॅक्रोबॅट पाटी कसोशीने पाळतं. लिनक्सवरच्या ओक्युलरमध्ये ती पाळायची की नाही, याची चक्क सेटिंग आहे. क्यूपीडीएफ नावाचं मोफत साधन काहीही न बदलता आतली स्थिती दाखवतं, आणि सुरुवात तिथूनच करावी:

```
qpdf --show-encryption smaranika.pdf
```

आमच्या फाइलवर `print low resolution: not allowed` असं आलं, म्हणजे दोष छापखान्याच्या मशीनचा नव्हता. आज्ञा चालवायची नसेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये `Security` खाली `Printing: Not Allowed` दिसतं.

पासवर्ड आठवत असता तर काम दोन मिनिटांचं होतं. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये त्याच `Security` मध्ये जाऊन `No Security` निवडायचं, पासवर्ड टाकायचा आणि फाइल सेव्ह करायची. मोफत रीडरमध्ये ही सोय नाही. क्यूपीडीएफने नवी प्रत अशी निघते:

```
qpdf --password=PASSWORD --decrypt smaranika.pdf mokli.pdf
```

खरं सांगायचं तर नुसत्या परवानगीच्या कुलपासाठी ही आज्ञा पासवर्डशिवायही चालते, कारण वर सांगितलं तसं किल्ली रिकाम्या पासवर्डवरूनच मिळते. मग प्रश्न तंत्राचा उरत नाही, हक्काचा होतो. भारताच्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65अ आलं. संरक्षणाचा तांत्रिक उपाय हक्कभंगाच्या हेतूने ओलांडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यात 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या मजकुराचे हक्क आपलेच आहेत, तो छापण्यात हक्कभंग कसला? अमेरिकेचा 1998 चा कायदा जास्त कडक आहे. 2001 मध्ये दिमित्री स्क्ल्यारोव या रशियन प्रोग्रामरला लास वेगासमध्ये अटक झाली, ती अ‍ॅडोबीच्या ई-बुकांचं संरक्षण काढणाऱ्या प्रोग्रामवरून. पुढे त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले आणि त्याची कंपनी एल्कमसॉफ्ट 2002 मध्ये ज्यूरीसमोर निर्दोष सुटली. ते प्रकरण विकत घेतलेल्या पुस्तकांचं होतं, स्वतःच्या स्मरणिकेचं नव्हे. विकतचं पुस्तक, क्लासच्या नोट्स, दुसऱ्याचा अहवाल छापायचा असेल तर ज्याने कुलूप लावलं त्यालाच विचारावं. फाइल आपल्या संगणकावर आहे म्हणून हक्क आपला होत नाही.

'फुकटात अनलॉक' करून देणाऱ्या साइटवर फाइल चढवणं मी टाळतो. आमच्या स्मरणिकेत सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर होते, ते कोणाच्या सर्व्हरवर राहतील कोण जाणे. डिजिटल सही असलेल्या फाइलचं कुलूप काढलं तर फाइल नव्याने लिहिली जाते आणि सही अवैध ठरते. तिथे देणाऱ्याकडूनच छापता येईल अशी प्रत मागावी.

आम्ही शेवटी कुलूप काढलंच नाही. डिझायनरकडे इनडिझाइनची मूळ फाइल होती. त्याने पुन्हा पीडीएफ काढली, एक्स्पोर्टच्या खिडकीतल्या `Security` मधली छपाईबंदीची खूण या वेळी काढून. छापखान्यालाही तेच हवं होतं, कारण कडेची ब्लीड, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर सोडलेली जादा छपाई, पहिल्या प्रतीत राहूनच गेली होती.